आभार भूतकाळात मानावेत

माझ्या फोनमध्ये माझाच एक फोटो आहे. अंगात गर्द निळा, हाताने विणलेला स्वेटर आणि चेहऱ्यावर भरघोस हसू. या फोटोला एकूण दोन मिनिटं लागली होती. स्वेटर घातला, हसले, फोटो काढला, स्वेटर उतरवला आणि पुढचा अर्धा तास मान खाजवत बसले. फोटो आत्याला पाठवला आणि खाली लिहिलं, "अगदी हेच हवं होतं! आता थंडीभर हाच घालणार." तिने तो फोटो कौतुकाने स्वतःच्या फोनच्या पडद्यावर लावला. पुढच्या वर्षी दुसरा स्वेटर आला. लोकर तीच, फक्त या वेळी गळा बंद होता.

नात्यातल्या माणसाने प्रेमाने दिलेली आणि आपल्याला वापरता न येणारी वस्तू हातात आली की काय बोलावं, याबद्दल लोकांची दोन ठाम मतं असतात. एक म्हणतं, गोड बोला, त्यात कुणाचं काय जातं? दुसरं म्हणतं, मी बाई स्पष्ट बोलते, मला नाटकं जमत नाहीत. मला दोन्ही आळशीपणाची वाटतात. पहिल्यात समोरच्या माणसाला काय कळायला हवं याचा विचार टळतो, दुसऱ्यात त्याला कसं कळावं याचा. माझं म्हणणं असं आहे की खोटा आनंद न दाखवताही मनापासून आभार मानता येतात. ते अवघड वाटतं, कारण आपण नको त्या गोष्टीचे आभार मानायला जातो.

आधी गोड खोट्याची बाजू नीट ऐकून घेऊ. ती अगदीच पोकळ नाही. कुणी "कसे आहात?" विचारल्यावर गुडघा दुखत असतानाही आपण "मजेत" म्हणतो. त्याला कुणी खोटं म्हणत नाही, कारण विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं की ही फक्त बोलायची रीत आहे. मग "किती छान!" हेही तसंच का नसावं? कार्यालयातल्या सहकाऱ्याने निरोप समारंभात दिलेल्या पेनस्टँडपुरतं मला हे मान्य आहे. "वा, सुंदर!" म्हणावं आणि विषय संपवावा. त्या वाक्यावर विसंबून तो सहकारी पुढे काहीही करणार नसतो.

फरक नेमका तिथेच आहे. आत्या माझ्या वाक्यावर विसंबली. "थंडीभर हाच घालणार" हे तिने रीत म्हणून ऐकलं नाही, माहिती म्हणून ऐकलं आणि त्या माहितीवर पुढची कित्येक संध्याकाळ सुया चालवल्या. म्हणून माझी कसोटी साधी आहे. माझ्या वाक्यावर भरवसा ठेवून समोरचा माणूस काही करणार आहे का? करणार नसेल, तर ते वाक्य शिष्टाचार आहे. करणार असेल, तर ती साक्ष आहे आणि साक्ष खरीच हवी. परक्या माणसाशी बोललेली बहुतेक वाक्यं पहिल्या जातीची असतात. आत्या, मावशी, सासू, भाऊ, आजोबा यांच्याशी बोललेली बहुतेक दुसऱ्या. आपली माणसं आपलं बोलणं लक्षात ठेवतात, एकमेकांना सांगतात आणि त्यावर बेत आखतात.

आपल्याकडे हा प्रश्न निघाला की कुणीतरी "सत्यं ब्रूयात् प्रियं ब्रूयात्" म्हणतंच. खरं बोलावं, गोड बोलावं. थोडा अधिक जाणकार असेल तर "न ब्रूयात् सत्यमप्रियम्" पर्यंत जातो, म्हणजे कडू लागणारं खरं बोलू नये. आणि बहुतेक जण इथेच थांबतात, कारण इथपर्यंत श्लोक सोयीचा आहे. पुढचा चरण आहे "प्रियं च नानृतं ब्रूयात्". गोड असलं तरी खोटं बोलू नये. हा श्लोक मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातला. त्या ग्रंथातल्या कितीतरी गोष्टींशी माझं कायमचं भांडण आहे, पण हा चरण गाळून उरलेला श्लोक खोटेपणाच्या समर्थनाला वापरायचा, हे त्या ग्रंथावरही अन्याय करणारं आहे. चारही चरण एकत्र वाचले तर वाट अरुंद होते, पण बंद होत नाही. एकाच गोष्टीत खरं आणि गोड असं दोन्ही शोधून काढायचं आणि तेवढंच बोलायचं.

भेटीत ते सापडतं का? सापडतं, फक्त ते वस्तूच्या उपयोगात नसतं. स्वेटरचंच उदाहरण घेते, कारण दुसरा स्वेटर आल्यावर मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. मधल्या जाडीच्या लोकरीची वीण असेल तर 10 सेंटीमीटर रुंदीत साधारण 20 टाके बसतात आणि तेवढ्याच उंचीत 28 ओळी. म्हणजे 10 सेंटीमीटरच्या एका चौकोनात 560 टाके. मोठ्या माणसाच्या स्वेटरची पाठ, पोट आणि दोन्ही बाह्या धरून असे सुमारे 90 चौकोन होतात. टाके पन्नास हजारांच्या घरात जातात. मिनिटाला 25 टाके घालणारा हात असेल आणि एकही टाका सुटला नाही, तरी हे 33 तासांचं काम आहे. आत्याची बोटं सकाळी आखडलेली असतात, तेव्हा तिला किती लागले असतील ते मी मोजलं नाही.

हे 33 तास खरे आहेत. मी स्वेटर घातला काय, न घातला काय, ते झालेले आहेत. तिने मी मागे कधीतरी घातलेल्या ओढणीचा निळा रंग लक्षात ठेवला, हेही झालेलं आहे. माझे हात लांब आहेत आणि बाजारचे स्वेटर मनगटाच्या वर राहतात, हे तिला माहीत होतं म्हणून बाह्या चार बोटं वाढवल्या होत्या. गळ्याची पट्टी एकदा उसवून पुन्हा विणलेली दिसत होती, कारण तिथली लोकर बाकीच्यापेक्षा किंचित फुललेली होती. या सगळ्याबद्दल मला खरोखरच आनंद झाला होता आणि त्यातलं एक अक्षरही मी पहिल्या वर्षी बोलले नव्हते! मी बोलले होते ते सगळं स्वेटरच्या पुढच्या आयुष्याबद्दल. ते आयुष्य मात्र कपाटात डांबराच्या गोळ्यांबरोबर जाणार होतं.

तेव्हा मला व्याकरणाची एक गंमत लक्षात आली. आपले खोटे आभार बहुतेक भविष्यकाळात असतात. "रोज वापरीन." "आता दुसरं घ्यायलाच नको." "दिवाणखान्यात लावणार." देणाऱ्याने काहीही विचारलेलं नसताना आपण हौसेने वचनं वाटत सुटतो. खरे आभार भूतकाळात असतात आणि त्यांचा कर्ता "तू" असतो. तू लक्षात ठेवलंस. तू एवढा वेळ बसलीस. तू बाह्या लांब केल्यास. भूतकाळातलं वाक्य खोटं ठरायची भीती नसते, कारण जे घडलं ते घडून गेलेलं असतं. वस्तू निरुपयोगी असली तरी तिच्यामागची क्रिया निरुपयोगी होत नाही. आभार क्रियेचे मानायचे. वस्तूचा विषय वेगळा आणि त्याची वेळही वेगळी.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला बराच काळ खटकत राहिला. हीसुद्धा लबाडीच नाही का? फक्त खरी वाक्यं निवडून बोलायची आणि ऐकणाऱ्याला वाटू द्यायचं की वस्तू आवडली! "नरो वा कुंजरो वा" याहून काय वेगळं होतं? युधिष्ठिराचंही प्रत्येक अक्षर खरं होतं. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेलेलाच होता. तरीही जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, कारण द्रोणाचार्यांच्या मनात काय उभं राहणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि ते उभं राहावं म्हणूनच तो बोलला होता.

आक्षेपाला माझं उत्तर असं. फक्त खरी वाक्यं बोलण्याने काम संपत असतं, तर आक्षेप बरोबर ठरला असता. काम तिथे संपत नाही. पाकीट उघडण्याचा क्षण आणि वस्तूच्या उपयोगाबद्दल बोलण्याचा क्षण हे दोन आहेत आणि पहिल्या क्षणी गप्प राहण्याचा अधिकार मला तेव्हाच मिळतो, जेव्हा दुसरा क्षण मी टाळणार नसते. चार माणसांच्या देखत, कागद अजून हातात असताना, देणारी आपल्या चेहऱ्याकडे बघत असताना "मला लोकर टोचते" हे सांगणं क्रूर आहे, कारण तेव्हा तिला सावरायलाही जागा नसते. आठवडाभराने, दोघीच असताना, तेच वाक्य साधी माहिती असतं. युधिष्ठिराला दुसरा क्षण नको होता. द्रोणांनी नंतर काही विचारू नये, हाच त्याच्या वाक्याचा हेतू होता.

चेहऱ्याचं काय करायचं, हा प्रश्नही उरतोच. वाक्यं निवडता येतात, पण पहिल्या सेकंदाचा चेहरा कसा निवडणार? कॅरोलिन सार्नी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1984 साली प्रसिद्ध केलेला शाळकरी मुलांवरचा एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. मुलांकडून काम करून घेतलं आणि पहिल्या वेळी त्यांना चांगलं बक्षीस दिलं. दुसऱ्या वेळी मुलं पुन्हा तशाच आशेने आली, तर हातात पडलं तान्ह्या बाळाचं नीरस खेळणं. लहान मुलांचे, त्यातही मुलग्यांचे, चेहरे पडले. मोठ्या मुलांनी, आणि विशेषतः मुलींनी, हसून घेतलं. नापसंती गिळून हसणं आपण जन्मतः आणत नाही. ते शिकवलं जातं आणि मुलींना जरा जास्तच शिकवलं जातं. माझं दोन मिनिटांचं हसू तिथलंच होतं.

हे शिकलेलं हसू बरेचदा पकडलंही जातं. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी 1862 मध्येच लिहून ठेवलं होतं की ओठांचे कोपरे आपण ठरवून उचलू शकतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू हुकमाने सहसा हलत नाही. त्यामुळे मोठं हसू आणून "अय्या!" करण्यापेक्षा नजर वस्तूवर नेलेली बरी. वस्तू हातात घ्यावी, उलटसुलट करून बघावी, कुठे काय केलंय ते शोधावं. कुणी कशासाठी एवढे कष्ट घेतले हे शोधत असताना चेहऱ्यावर जे येतं ते खोटं नसतं. ते उचंबळून आलेलं हसू नसेल, शांत असेल. चालतं. मला तर वाटतं, देणाऱ्याला आपल्या उड्यांपेक्षा आपण शोधून काढलेली ती गळ्याची पट्टी जास्त दिवस आठवते.

शब्द नीट जुळणार नाहीत म्हणून घाबरणाऱ्यांसाठी आणखी एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 साली लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि पत्र मिळालेल्यांना कसं वाटलं तेही विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं की वाचणारा अवघडून जाईल. प्रत्यक्षात लोक त्यांच्या अंदाजापेक्षा कमी अवघडले आणि जास्त सुखावले. लिहिणारे शब्द बरोबर बसलेत की नाही याची काळजी करत होते, तर वाचणारे त्यातली ऊब बघत होते. तो अभ्यास नको असलेल्या भेटींबद्दल नव्हता, त्यामुळे त्याला फार ताणणार नाही. पण आभाराच्या वाक्याला सजावट लागत नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आता दुसरा क्षण. खरी कसरत इथे आहे.

पहिली अडचण ही की बहुतेक जण खरं सांगायच्या ऐवजी बरं दिसणारं कारण शोधतात. मीही ठरवून टाकलं होतं की आत्याला सांगायचं, "मला लोकरीची अ‍ॅलर्जी आहे." ऐकायला किती सभ्य! दोष कुणाचाच नाही, डॉक्टरांच्या गोटातला शब्द, पुढे प्रश्न नाहीत. सांगण्याआधी मी थोडं वाचलं आणि कळलं की लोकर टोचणं ही बहुतेक माणसांच्या बाबतीत अ‍ॅलर्जी नसतेच. लोकरीतले जाड तंतू, साधारण 30 मायक्रॉनपेक्षा जाड, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या तीस भागांहून जास्त, सहज वाकत नाहीत. त्यांची टोकं सुईसारखी त्वचेला टोचतात आणि खाज सुटते. बारीक तंतूंची टोकं त्वचेला लागली की वाकतात, म्हणून मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ लोकर अनेकांना थेट अंगावरही चालते. तेच टोचरं विणकाम जाड सुती शर्टावरून घातलं, तरी बराच फरक पडतो.

आता बघा, सभ्य खोट्याने काय झालं असतं. अ‍ॅलर्जी म्हटल्यावर आत्याने लोकर नावाची गोष्टच माझ्यासाठी वर्ज्य केली असती आणि कुठलातरी जाड, खरखरीत कृत्रिम धागा आणला असता. तोही टोचलाच असता. मला चालणारी मऊ लोकर मात्र कायमची बाद झाली असती. खोट्या कारणावर प्रेमळ माणूस खरा उपाय शोधू लागतं आणि तो उपाय भलत्याच आजारावर निघतो. म्हणून कारण सांगायचंच असेल तर खरं सांगावं. खरं कारण सांगण्यासारखं नसेल, उदाहरणार्थ वस्तू निव्वळ कुरूप वाटत असेल, तर कारण सांगूच नये. "हे माझ्याकडून वापरलं जाणार नाही" एवढं वाक्य पुरतं. आवड-निवड ही सिद्ध करायची गोष्ट नाही आणि आपली नावड समोरच्याला पटवून देण्याच्या खटपटीतच जखमा होतात.

दुसरी अडचण प्रमाणाची. कितपत बोलायचं? माझा अनुभव असा की एका दमात सांगून होईल एवढंच. वाक्य लांबायला लागलं की समजावं, आपण आता तिच्यासाठी बोलत नाही, स्वतःला हलकं वाटावं म्हणून बोलतोय. "मला इतकं वाईट वाटतंय, मी किती दिवस सांगू की नको करत होते, तू रागावू नकोस हं." यातलं प्रत्येक वाक्य समोरच्याला माझं सांत्वन करायला लावतं. जिने 33 तास विणलं, तिनेच वर मला "जाऊ दे गं, काही नाही" म्हणायचं! सांगणं बिघडलं आहे हे ओळखायची खूणच ही आहे. देणारी माफी मागायला लागली किंवा आपली समजूत घालायला लागली, तर आपण जास्त बोललो. उलट ती लगेच "बरं, मग पुढच्या वेळी..." म्हणून त्याच वस्तूचा नवा बेत सांगू लागली, तर आपण कमी बोललो.

तिसरी, आणि मला सर्वांत चिवट वाटलेली अडचण म्हणजे दोन क्षण नेहमी वेगळे राहत नाहीत. देणारी तिथल्या तिथे म्हणते, "घालून दाखव." किंवा सरळ विचारते, "आवडला ना?" अशा वेळी पुढच्या आठवड्याचा आधार नसतो. दुसऱ्या स्वेटरच्या वेळी आत्या स्वतः घेऊन आली होती, त्यामुळे "घालून दाखव" आलंच. घरात आणखी तिघं होती. मी म्हटलं, "थांब, शर्टावरून घालते. लोकर थेट अंगाला लागली की मला टोचते." आणि घातला. बाह्यांची लांबी बघून म्हटलं, "या माझ्या मापाच्या केल्यास! मला कधीच मिळत नाहीत अशा." दोन्ही वाक्यं खरी होती. पहिल्यात मुद्दा लहानशा मात्रेत येऊन गेला, त्यावर कुणी थांबलं नाही, पण नंतर बोलायला दार किलकिलं झालं. "आवडला ना?" असं थेट विचारलं असतं तर मी जे आवडलं त्याचं नाव घेतलं असतं आणि "घालायचं कसं ते मात्र बघावं लागेल, टोचतो मला" असं जोडलं असतं. थेट प्रश्नाला थेट खोटं उत्तर द्यायचं नाही, एवढी एक मर्यादा मी स्वतःपुरती पक्की केली आहे. तिच्या आतमध्ये पुष्कळ सवलत घ्यायला माझी हरकत नाही.

सवलत खरोखरच आहे. प्रत्येक वेळी दुसरा क्षण ओढून आणायचा नसतो. नव्वदीच्या आजोबांनी नातीला मोठ्या अक्षरांचा शब्दकोश दिला आणि ती शब्द फोनवर बघते. यात आजोबांना कळवून साधणार काय? ते पुढच्या वर्षी दुसरा शब्दकोश आणणार नाहीत, त्यांचे पैसे परत मिळणार नाहीत, विचारणारही नाहीत. तिथे भूतकाळातले आभार पूर्ण आहेत आणि पुढचं मौन ही फसवणूक नाही. त्या माहितीने ज्याचं काही बदलणार आहे, त्याला ती द्यायची. आत्याचं बदलणार होतं. तिचे हात, तिची लोकर, तिच्या संध्याकाळी आणि पुढचा, तिसरा स्वेटर.

वस्तूचं पुढे काय करायचं, हे मी थोडक्यात सांगते, कारण त्यात फार तत्त्वज्ञान नाही. कारखान्यात बनलेली, पैसे मोजून आणलेली वस्तू गरजूला द्यायला मला संकोच वाटत नाही. ती देऊन टाकली आणि विचारल्यावर तसं सांगितलं की झालं. हाताने केलेली वस्तू मात्र परस्पर देऊ नये. करणाऱ्याला आधी विचारावं. ती मिळकत माझी असली तरी तिच्यातलं काम अजून तिचं असतं आणि ते कुणाच्या अंगावर जावं याबद्दल तिला काही म्हणायचं असू शकतं.

तर मी आत्याकडे गेले. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर शांतता फार मोठी वाटते आणि ती भरायला आपण नको ते बोलतो. दोन्ही स्वेटर पिशवीत घेऊन गेले होते. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हटलं, "आत्या, तू माझ्या ओढणीचा रंग लक्षात ठेवून हा विणलास आणि बाह्या माझ्यासाठी लांब केल्यास, ते मला फार जवळचं वाटलं. पण ही लोकर मला टोचते. मागच्या वर्षीचाही मी घातला नाही. तो फोटो काढण्यापुरताच घातला होता."

शेवटचं वाक्य मी घरून ठरवून आले नव्हते. पण ते गाळलं असतं तर बाकीचं सगळं नरो वा कुंजरो वाच झालं असतं.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. तिला वाईट वाटलं, हे दिसत होतं. खरं कितीही जपून सांगितलं तरी काहीच लागत नाही, असं मी म्हणणार नाही. मग म्हणाली, "मागच्याच वर्षी सांगायचंस की गं. हा दुसरा विणलाच नसता मी." तिच्या आवाजात राग होता आणि तो रास्त होता. पहिल्या स्वेटरचं वाईट वाटणं वेगळं, दुसऱ्याचं वेगळं. पहिला तिने न कळून विणला होता. दुसरा तिने माझ्या खोट्यावर विणला होता. पहिल्याबद्दल मी आभारच मानू शकत होते. माफी मला फक्त दुसऱ्याची मागायची होती आणि तेवढीच मागितली.

तिने चष्मा लावून पहिला स्वेटर मांडीवर घेतला, कोपराकडची बाजू उजेडात धरली, काखेतली वीण बोटाने चाचपली. म्हणाली, "मला शंका होतीच. वर्षभर घातलेल्या लोकरीवर इथे बारीक गोळे धरतात. याच्यावर एक नाही." मग शिवणीच्या टोकाला कात्री लावत मला म्हणाली, "हात पुढे कर. दोन्ही. एवढं अंतर ठेव."

हातविणीच्या स्वेटरची हीच एक सोय आहे, तो उसवता येतो. आधी शिवणी सोडायच्या, मग गळ्याच्या पट्टीपासून धागा ओढत जायचं, कारण वीण शेवटी जिथे बंद केली तिथूनच ती सुटते. सुटलेला धागा कुरळा निघतो. तो दोन हातांवर गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवायची आणि खाली हलकं वजन लावून टांगायची. वाळली की कुरळेपणा जातो आणि लोकर पुन्हा विणायला तयार होते. मी हात समोर धरून बसले होते आणि ती सरसर ओळी सोडत होती. पाठीचा भाग संपत आला तेव्हा तिने विचारलं, "आणि उशीला अभ्रा केला तर? का तोही टोचेल गालाला?"

"टोचेल," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि दुसरी बाही सोडायला घेतली.